उसवलेले अस्तर : थ्रिफ्ट पेजवर आलेली पहिली परतीची तक्रार कशी हाताळावी

वापरलेले कपडे निवडून, धुऊन, इस्त्री करून इन्स्टाग्रामवर विकणाऱ्या विद्यार्थिनींना केव्हा ना केव्हा पहिली परतीची तक्रार येतेच, आणि ती आली की नेमके काय करावे हे सांगणारे जवळ कोणी नसते. या लेखात मी एक छोटी कल्पित गोष्ट सांगत सांगत त्या तक्रारीची एकेक पायरी उलगडणार आहे. गोष्टीतली मृण्मयी पुण्यात वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि वसतिगृहात राहते. जुन्या बाजारातून आणि नातेवाइकांच्या कपाटांतून ती कपडे निवडते आणि दर शुक्रवारी संध्याकाळी आठ-दहा कपड्यांचा ड्रॉप टाकते. पेज सुरू होऊन चार महिने झाले आहेत, साठेक कपडे विकले गेले आहेत आणि एकही कपडा परत आलेला नाही.

तक्रार आली ती एका तपकिरी कॉर्डरॉय जॅकेटबद्दल. मृण्मयीने ते २८० रुपयांना घेतले होते, धुलाईला ६० रुपये दिले होते आणि नाशिकच्या एका ग्राहकाला ७५० रुपये अधिक ९० रुपये शिपिंग, म्हणजे एकूण ८४० रुपयांना विकले होते. पोस्टखाली तिने लिहिले होते, “कॉर्डरॉय जॅकेट, तपकिरी, छाती ४०, लांबी २४, उत्तम स्थिती, एकही दोष नाही. रिटर्न नाही, एक्स्चेंज नाही. अनबॉक्सिंग व्हिडिओ आवश्यक.” पार्सल सोमवारी पोहोचले. गुरुवारी रात्री पावणेदहाला, दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेची उजळणी चालू असताना, डीएम आला : “ताई, जॅकेट मिळालं, पण आत बगलेत फाटलेलं आहे. तुम्ही सांगितलं नव्हतं. आणि छाती ४० नाहीच. मला पूर्ण पैसे परत पाहिजेत, नाहीतर मी सगळीकडे टाकणार.”

पहिले उत्तर

अशा संदेशाला पहिल्या पाच मिनिटांत जे उत्तर सुचते ते बहुधा “पॉलिसी वाचली नाही का?” अशा धर्तीचे असते. मृण्मयीनेही ते टाइप केले होते, पण पाठवले नाही. न पाठवण्याचे कारण केवळ सौजन्याचे नव्हते. पहिल्या उत्तरातून आपली बाजू लेखी ठरून जाते, आणि पुरावा पाहण्याआधी ठरवलेली बाजू पुढे बदलावी लागली की आपण खोटे पडतो. दोष नाकारून मोकळे झाल्यावर तो खरा निघाला, तर तोच स्क्रीनशॉट आपल्याविरुद्ध पुरावा होतो. उलट “सॉरी ताई, लगेच पैसे पाठवते” असे घाईने लिहिले, तर जी गोष्ट आपण तपासलेलीच नाही ती मान्य केल्यासारखे होते.

म्हणून पहिल्या उत्तरात तक्रार मिळाल्याची पोच, तपासणीसाठी काय हवे त्याची मागणी आणि पुढचे उत्तर कधी देणार ती वेळ, एवढेच असावे. मृण्मयीने लिहिले : “ताई, तुमचा मेसेज वाचला. जॅकेटबाबत तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या आहेत, बगलेतलं अस्तर आणि छातीचं माप. दोन्ही मी तपासते. त्यासाठी मला काही फोटो लागतील, ते खाली लिहिते. उद्या दुपारी माझी परीक्षा आहे, त्यामुळे उद्या संध्याकाळी सातपर्यंत मी तुम्हाला नक्की उत्तर देते. तोपर्यंत जॅकेट धुऊ नका, शिवून घेऊ नका आणि वापरू नका, ही विनंती.” यातले शेवटचे वाक्य अनेकजण विसरतात. एकदा शेजारच्या शिंप्याकडून अस्तर शिवून घेतले किंवा जॅकेट मशीनमध्ये फिरवले, की दोष मुळात काय होता हे कोणालाच सांगता येत नाही.

समोरच्या व्यक्तीने “सगळीकडे टाकणार” असे म्हटले, म्हणून तिला ब्लॉक करू नये. ब्लॉक केल्याने तक्रार मिटत नाही, फक्त दुसऱ्या जागी जाते आणि विक्रेती पैसे घेऊन पळाली असे म्हणायला तिला जागा मिळते. त्या ओळीला उत्तरही देऊ नये. संपूर्ण बोलणे एकाच ठिकाणी, लेखी ठेवावे. फोन करून बोलायची वेळ आलीच, तर फोन संपल्यावर काय ठरले ते त्याच चॅटमध्ये लिहून पाठवावे.

स्वतःचे दप्तर आधी उघडावे

ग्राहकाचे फोटो येईपर्यंतचा वेळ स्वतःच्या नोंदी काढण्यात घालवावा. लागतात त्या मोजक्याच : पोस्टचे मूळ फोटो आणि खालचा मजकूर, विक्री ठरतानाचे चॅट, यूपीआयने पैसे आले त्या व्यवहाराची नोंद, आणि कुरिअरची पावती व पोहोचल्याची तारीख. या सगळ्यांचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवावेत. पोस्ट या काळात संपादित करू नये, पुसू तर मुळीच नये. गडबडीत “एकही दोष नाही” हे शब्द काढून टाकण्याचा मोह होतो, पण ग्राहकाकडे त्याचा स्क्रीनशॉट असू शकतो आणि मग एका उसवलेल्या शिवणीचा प्रश्न प्रामाणिकपणाचा प्रश्न होऊन बसतो.

मृण्मयीने आपले सात फोटो लॅपटॉपवर मोठे करून पाहिले. समोरचा, पाठीचा, कॉलरचा, बटणांचा, खिशाचा, हेमचा आणि लेबलचा असे ते फोटो होते, आणि आतल्या अस्तराचा फोटो नव्हता. तिला आठवले की जॅकेट धुऊन आल्यावर तिने ते बाहेरून इस्त्री केले, हँगरला लावले आणि फोटो काढले. उलटे करून पाहिलेच नव्हते.

रात्री तिने आईला फोन केला तेव्हा आईने लहानपणची एक गोष्ट सांगितली. दारावर बोहारीण यायची, ती जुन्या साडीच्या बदल्यात भांडे देण्याआधी साडी पूर्ण उलगडायची, दोन्ही हातांनी उजेडासमोर धरायची आणि काठापासून काठापर्यंत नजर फिरवायची. आजीला माहीत नसलेले भोकही तिला सापडायचे, आणि मग पातेल्याऐवजी वाटी मिळायची. जुन्या कपड्याचा व्यापार करणाऱ्या माणसाचे खरे कौशल्य हे असे उजेडात धरण्याचे आहे, असे मला मनापासून वाटते. मृण्मयीने जॅकेट घेतानाही तसे धरले नाही आणि विकतानाही नाही.

फोटो कोणते मागवावेत

“फोटो पाठवा” एवढेच लिहिले की अंधारात काढलेला, हललेला, कपड्याचा कोणता भाग आहे हे न कळणारा एक फोटो येतो आणि वाद वाढतो. काय हवे ते नीट सांगावे. मृण्मयीने चार फोटो मागवले. पहिला, जॅकेट उलटे करून दोन्ही बगला दिसतील असा, दिवसाच्या उजेडात. दुसरा, उसवलेल्या जागेचा जवळून, शेजारी मापाची टेप ठेवून. तिसरा, त्याच जागी कापडाची कड बोटाने थोडी उघडून. चौथा, जॅकेट सपाट ठेवून, बटणे लावून, एका बगलेच्या शिवणीपासून दुसऱ्या बगलेच्या शिवणीपर्यंत टेप धरून.

अनबॉक्सिंग व्हिडिओ ग्राहकाने काढलेला नव्हता. अनेक पेजेसवर एवढ्यावरूनच तक्रार फेटाळली जाते. मला ते योग्य वाटत नाही. व्हिडिओ असला तर उत्तम पुरावा असतो, विशेषतः पार्सलमध्ये भलताच कपडा आला किंवा वाटेत पार्सल फुटले असा दावा असेल तेव्हा. परंतु व्हिडिओ नाही म्हणून कपड्यातला जुना दोष नाहीसा होत नाही, आणि तो दोष जुना की नवा हे बऱ्याचदा कपडाच सांगतो.

शुक्रवारी सकाळी फोटो आले. डाव्या बगलेत, बाहीचे अस्तर अंगाच्या अस्तराला जिथे जोडलेले असते तिथे, सुमारे दोन इंच शिवण सुटली होती. म्हणजे कापड फाटलेले नव्हते, उसवलेले होते, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. फाटलेल्या कापडाला रफू किंवा ठिगळ लागते आणि त्याची खूण राहते. उसवलेली शिवण शिंपी पुन्हा घालून देतो आणि ती पुन्हा पूर्वीसारखी होते. तक्रारीला उत्तर देताना हा शब्द अचूक वापरावा, मात्र ग्राहकाने “फाटलं” म्हटले म्हणून तिला दुरुस्त करत बसू नये.

पुढचा प्रश्न होता तो केव्हा उसवले याचा. तिसऱ्या फोटोने त्याचे उत्तर दिले. शिवणीच्या आत दुमडलेली कापडाची पट्टी कधी उजेड पाहत नाही आणि घासलीही जात नाही, त्यामुळे शिवण नुकतीच सुटली असेल तर ती पट्टी बाजूच्या अस्तरापेक्षा गडद आणि कोरी दिसते, आणि तुटलेल्या दोऱ्याची टोके ताठ व स्वच्छ असतात. शिवण जुनी सुटलेली असेल तर पट्टीचा रंग बाजूच्या अस्तरासारखाच विटलेला असतो, कड विसविशीत झालेली असते आणि घडीत धुलाईचे बारीक तंतू साचून राखाडी बोळा झालेला असतो. या जॅकेटच्या घडीत तो राखाडी बोळा स्पष्ट दिसत होता. तीन दिवसांत तो साचणे शक्य नव्हते. दोष जुना होता, मृण्मयीकडून निघतानाही होता आणि तिने लिहिले होते “एकही दोष नाही”.

छातीच्या मापाचे कोडे

दुसरी तक्रार इतकी सरळ नव्हती. चौथ्या फोटोत टेप बगलेपासून बगलेपर्यंत बरोबर २० इंच दाखवत होती, म्हणजे दुप्पट केल्यावर ४०. मृण्मयीचे माप खरे होते. मग ग्राहक “४० नाहीच” असे का म्हणत होती? तिने विचारल्यावर कळले की ग्राहकाने आधी जॅकेट उघडून आतून माप घेतले होते, आणि ते १९ भरले होते. कॉर्डरॉय जाड असते, त्यात अस्तर आणि शिवणीची जाडी, त्यामुळे बाहेरचे आणि आतले माप यांत एका बाजूला इंचभर फरक सहज पडतो आणि दुप्पट केल्यावर तो दोन इंच होतो.

त्याखाली आणखी एक गैरसमज होता, आणि माझ्या मते वापरलेल्या कपड्यांच्या विक्रीत मापाच्या बहुतेक भांडणांचे मूळ तिथेच असते. पोस्टमध्ये “छाती ४०” असे लिहिले होते. मृण्मयीच्या मनात ते कपड्याचे माप होते, ग्राहकाने ते अंगाचे माप समजले. तिची छाती ४० इंच होती. अस्तर लावलेले जॅकेट शर्टावरून सहज घालायचे, तर कपड्याचे माप अंगाच्या मापापेक्षा तीन-चार इंच तरी जास्त लागते. म्हणजे ४० इंचांचे जॅकेट ३६ किंवा फार तर ३७ छातीच्या मुलीला नीट बसेल. दोघींपैकी कोणीच खोटे बोलत नव्हते, मात्र संदिग्ध लिहिणारी मृण्मयी होती.

तक्रारीचे भाग असे वेगळे करणे हीच या सगळ्यातली सर्वांत उपयोगी सवय आहे. न सांगितलेला दोष ही विक्रेत्याची जबाबदारी असते. वर्णन बरोबर आणि स्पष्ट असूनही कपडा बसला नाही, तर ती जबाबदारी ग्राहकाची. वर्णन बरोबर पण दोन अर्थांचे असेल, तर ती वाटून घ्यावी लागते. आणि वाटेत झालेले नुकसान ग्राहकाच्या माथी मारता येत नाही, ते विक्रेत्याने कुरिअरशी निस्तरायचे असते. मृण्मयीच्या प्रकरणात दुसऱ्या भागाचा निकाल लावण्याची गरजच उरली नाही, कारण परत घेण्यासाठी पहिला भाग पुरेसा होता.

“रिटर्न नाही” या शब्दांचे वजन

मृण्मयीच्या मैत्रिणीचे म्हणणे होते की पोस्टवर “रिटर्न नाही” असे स्पष्ट लिहिले आहे, तेव्हा प्रश्नच मिटला. तो मिटत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष असलेला किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणवैशिष्ट्यांशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. जी व्यक्ती नियमित किंवा पद्धतशीर व्यवसाय म्हणून नव्हे, तर खासगी रीतीने एखादी वस्तू विकते, तिला ई-कॉमर्सचे नियम लागू होत नाहीत. म्हणजे कपाटातला एक जुना ड्रेस विकणारी मुलगी त्यांच्या बाहेर राहते. दर शुक्रवारी ड्रॉप टाकणाऱ्या मृण्मयीने स्वतःला त्यांच्या बाहेर समजू नये.

याचा अर्थ ग्राहकाला प्रत्येक कपडा परत करण्याचा हक्क आहे असाही नाही. मन बदलले, रंग आवडला नाही, मैत्रिणीने नावे ठेवली, अशा कारणांसाठी “रिटर्न नाही” हे धोरण टिकते. वापरलेला कपडा वापरलेला म्हणून विकला, तर थोडे फिकेपण किंवा मऊपणा हा दोषही ठरत नाही. पण दोष लपला किंवा वर्णन चुकले, तर ते धोरण ढाल होत नाही. ग्राहक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू शकते आणि ती जिथे राहते तिथल्या जिल्हा आयोगातही दाद मागू शकते, म्हणजे मृण्मयीला नाशिकची वाट धरावी लागेल. ८४० रुपयांसाठी तिथपर्यंत कोणी जाईल असे मी म्हणत नाही, पण आपली बाजू किती भक्कम आहे हे स्वतःला ठाऊक असले म्हणजे उत्तर देताना आवाज चढत नाही.

दोन पर्याय, आकड्यांसह

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, दिलेल्या वेळेच्या आधी, मृण्मयीने उत्तर पाठवले. त्यात आधी कबुली होती : “ताई, तुमचे फोटो पाहिले. बगलेतली शिवण जुनीच उसवलेली आहे आणि ती मी पोस्टमध्ये लिहायला हवी होती. ती माझी चूक आहे.” माप तिने एका वाक्यात समजावले, वाद घातला नाही. मग दोन पर्याय दिले. एक, जॅकेट परत पाठवावे, आल्यावर पूर्ण ८४० रुपये आणि परतीचा कुरिअर खर्च मिळेल. दोन, जॅकेट ठेवावे, शिवण शिंप्याकडून घालून घ्यावी आणि २०० रुपये परत घ्यावेत.

हे पर्याय देण्याआधी तिने वहीत हिशेब मांडला होता. दुसऱ्या पर्यायात ७५० मधून खरेदी व धुलाईचे ३४० आणि परत द्यायचे २०० वजा केले, तर तिच्याकडे २१० रुपये राहत होते आणि काम तिथेच संपत होते. पहिल्या पर्यायात दोन्ही वेळचे शिपिंग, म्हणजे १८० रुपये, पदरचे जाणार होते, वर दुरुस्ती, आणि जॅकेट पुन्हा विकले जाण्याची वाट पाहणे. आंशिक परतफेड जवळपास नेहमीच विक्रेत्याच्या फायद्याची असते, म्हणूनच ती देताना ग्राहकावर ढकलू नये. दोष आपला असताना निवड ग्राहकाची असते. रक्कमही दुरुस्तीच्या खर्चापेक्षा स्पष्टपणे जास्त असावी, कारण ग्राहकाला शिंप्याकडे खेपही घालावी लागते. ८० रुपयांच्या शिलाईसाठी ८० रुपये देऊ करणे बरे दिसत नाही. मूळ शिपिंगचे ९० रुपये पूर्ण परतफेडीत धरायचे का, हा प्रश्न अनेकींना पडतो. माझे उत्तर असे आहे की वर्णन चुकले असेल तर धरावेत, कारण वर्णन बरोबर असते तर ग्राहकाने ते खर्चच केले नसते.

ग्राहकाने पहिला पर्याय निवडला, कारण जॅकेट तिला घट्टच होत होते. पण ती म्हणाली, “पैसे आधी पाठवा, मग मी पार्सल करते.”

आधी पैसे की आधी कपडा

इथे दोन्ही बाजूंना भीती असते आणि दोन्ही खऱ्या असतात. विक्रेत्याने आधी पैसे दिले आणि कपडा आलाच नाही, तर यूपीआयने गेलेले पैसे परत खेचून आणण्याची सोपी वाट तिच्याकडे नसते. ग्राहकाने आधी कपडा दिला आणि पेज गप्प बसले, तर तिचे दोन्ही गेले. मृण्मयीने मधला मार्ग सुचवला : ग्राहकाने पार्सल करावे आणि पावतीचा फोटो पाठवावा, पावती दिसताच परतीच्या कुरिअरचे ९० रुपये लगेच पाठवले जातील, आणि पार्सल हाती आल्यापासून २४ तासांत कपडा तपासून ८४० रुपये दिले जातील. ही मुदत तिने आकड्यात लिहिली. “लवकरच पाठवते” या शब्दांवर रागावलेल्या माणसाचा विश्वास बसत नाही आणि बसू नयेच. ग्राहक तयार झाली, कारण आधी येणाऱ्या ९० रुपयांमुळे तिला मृण्मयीच्या शब्दाची परीक्षा घेता येत होती.

परत आलेले पार्सल उघडताना मृण्मयीने स्वतः व्हिडिओ काढला. पाकिटावरचा क्रमांक, पाकीट कापणे, जॅकेट बाहेर काढणे आणि उलटे करणे, सगळे एका सलग चित्रीकरणात. तपासायच्या मुख्य गोष्टी दोन होत्या. एक, हा तोच कपडा आहे का. तिच्या जॅकेटचे खालून दुसरे बटण कोणीतरी पूर्वी काळ्या दोऱ्याने शिवले होते, बाकीची तपकिरी दोऱ्याने होती. ती खूण जागेवर होती. प्रत्येक कपड्याची अशी एक खासगी खूण विकण्याआधी वहीत लिहून ठेवावी, कारण जीन्स किंवा काळ्या टी-शर्टसारख्या सर्वसामान्य कपड्यांत अदलाबदल झाली तर ओळखणे कठीण जाते. दुसरी गोष्ट, मधल्या काळात कपडा वापरला गेला का. कॉलरच्या आतल्या कडेला फाउंडेशनचा पिवळसर पट्टा, बगलेत अत्तराचा किंवा घामाचा वास, कोपरांत बसलेल्या ताज्या सुरकुत्या, एवढ्यावरून ते कळते. घालून पाहिल्याने येणारी हलकी सुरकुती आणि समारंभभर वापरल्याची लक्षणे यांत फरक आहे, आणि पहिलीवरून आरोप करू नये. जॅकेट स्वच्छ होते.

मृण्मयीने ८४० रुपये ज्या यूपीआय आयडीवरून आले होते त्याच आयडीवर पाठवले. पैसे दुसऱ्याच क्रमांकावर पाठवा असे कोणी म्हटले, तर नम्रपणे नाही म्हणावे, कारण नंतर मूळ खात्यावरून “मला परतफेड मिळालीच नाही” असा दावा होऊ शकतो. याची उलट बाजूही ग्राहकांनी लक्षात ठेवावी : परतफेड मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. कोणी तसे सांगितले तर ती फसवणूक आहे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट तिने चॅटमध्ये टाकला आणि लिहिले, “ताई, ८४० रुपये आत्ता पाठवले, आधीचे ९० मिळाले आहेतच. जमा झाले की एकदा सांगा, म्हणजे मी ही तक्रार बंद झाली अशी नोंद करते.” दहा मिनिटांनी उत्तर आले, “मिळाले. थँक्यू ताई.” परतफेडीचे हे शेवटचे दोन शब्द ग्राहकाकडून लेखी घेणे हा शिष्टाचाराचा भाग नाही, हिशेबाचा भाग आहे.

या काळात एक पथ्य मृण्मयीने कटाक्षाने पाळले. ग्राहकाच्या संदेशांचा स्क्रीनशॉट तिने स्टोरीवर टाकला नाही, नाव झाकूनही नाही. आपल्या नेहमीच्या ग्राहकांची सहानुभूती त्यातून पटकन मिळते हे खरे, पण त्याच ग्राहकांना हेही कळते की उद्या आपण तक्रार केली तर आपलेही चॅट असेच फिरेल.

जॅकेट दुसऱ्यांदा विकताना

शिंप्याने शिवण घालायचे ८० रुपये घेतले. मृण्मयीने या वेळी अस्तराचे तीन फोटो काढले, त्यात दुरुस्त केलेल्या जागेचा एक होता, आणि मजकूर नव्याने लिहिला : “वापरलेले जॅकेट. डाव्या बगलेत अस्तराची शिवण उसवली होती, ती शिंप्याकडून घातली आहे, फोटो सहावा पाहा. खालून दुसऱ्या बटणाचा दोरा वेगळ्या रंगाचा आहे. कपड्याचे माप, सपाट ठेवून बाहेरून : बगलेपासून बगलेपर्यंत २०, खांदे १६, बाही २३, लांबी २४ इंच. ३६ पर्यंत छाती असेल तर शर्टावरून सहज बसेल. तुमच्याकडचे एखादे जॅकेट असेच मोजून ताडून पाहा.”

परतीच्या धोरणाची ओळही बदलली : “कपडा आवडला नाही किंवा बसला नाही म्हणून परत घेतला जात नाही. न लिहिलेला दोष किंवा चुकीचे माप आढळल्यास पार्सल मिळाल्यापासून तीन दिवसांत फोटोसह कळवा. कपडा परत घेऊन शिपिंगसह पूर्ण पैसे दिले जातील.” तीन दिवसांची मुदत ठेवण्यामागे हेतू तक्रार लवकर यावी हा आहे, चौथ्या दिवशी आलेली खरी तक्रार फेटाळणे हा नाही. नाशिकच्या ग्राहकाची तक्रारही आणखी एक दिवस उशिरा आली असती, तरी घडीतला राखाडी बोळा तोच राहिला असता.

दोन आठवड्यांनी जॅकेट ६५० रुपयांना सोलापूरला गेले, शिपिंग ग्राहकाने वेगळे दिले. वहीत मृण्मयीने एका ओळीत लिहिले : खरेदी व धुलाई ३४०, दोन वेळचे शिपिंग १८०, शिलाई ८०, एकूण ६००, आले ६५०. त्याखाली तिने पुढच्या ड्रॉपच्या नऊ कपड्यांची यादी केली आणि प्रत्येकासमोर एक नवा रकाना आखला, “उलटे करून उजेडात पाहिले”. त्या रात्री नऊपैकी दोन कपडे तिने बाजूला काढून ठेवले. एकाच्या खिशाचे आतले कापड विरले होते, आणि दुसऱ्याच्या पाठीवर, विजेरीसमोर धरल्यावरच दिसतील अशी, टाचणीच्या डोक्याएवढी चार भोके होती.